74HC595 ची साखळी: एकेक एलईडी नीट लागतो, पण सगळे पेटले की नमुना एक घर सरकतो

मायक्रोकंट्रोलरच्या डेटा, क्लॉक आणि लॅच या तीन पिनांवर 74HC595 चे आठ आयसी एकामागे एक जोडून चौसष्ट एलईडी चालवले, की एक विशिष्ट बिघाड पुन्हा पुन्हा समोर येतो. एकच एलईडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवला तर साखळी निर्दोष वाटते. मात्र पन्नास-साठ एलईडी एकदम पेटणारा नमुना पाठवला, की साखळीच्या मध्यापासून पुढचे दिवे अधूनमधून एक घर पुढे सरकतात, क्षणभर चुकीचे दिसतात आणि पुढच्या वेळी डेटा पाठवला की पुन्हा जागेवर येतात. प्रोग्रॅम तोच, जोडणी तीच, आणि तरीही चूक फक्त दिवे जास्त पेटल्यावरच होते, म्हणून शोध बहुधा प्रोग्रॅममध्ये सुरू होतो आणि तिथेच अडकतो. या लेखात एवढाच एक बिघाड घेतला आहे: तो नेमका कोणत्या आयसीपाशी होतो हे मोजून कसे काढावे, आणि मोजमापाने जे दाखवले त्यावर कोणता उपाय करावा.

प्रथम लक्षण नीट वाचावे, कारण चूक कोणत्या लाइनवर आहे हे दिव्यांवरून बऱ्याच अंशी कळते. डेटा लाइनवर गडबड असेल, तर एखादा दिवा उगाच लागतो किंवा लागत नाही, पण बाकीचे आपापल्या जागी राहतात. लॅच लाइनवर गडबड असेल, तर अर्धवट सरकलेला डेटा भलत्याच वेळी दिव्यांवर उमटतो. एका ठिकाणापासून पुढचे सगळे दिवे एकत्रितपणे एक घर सरकले असतील, तर त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच निघतो: त्या ठिकाणच्या आयसीने एक क्लॉक जास्त मोजला आहे किंवा एक क्लॉक गमावला आहे. मायक्रोकंट्रोलरने चौसष्ट क्लॉक दिले, पहिल्या चार आयसींनी चौसष्टच पाहिले, पण पाचव्याने पासष्ट पाहिले, असे घडले की नेमके हेच दृश्य दिसते. प्रत्येक वेळी पूर्ण चौसष्ट बिट नव्याने पाठवले जात असल्यामुळे ही चूक पुढच्या फेरीत आपोआप पुसली जाते आणि डोळ्यांना फक्त लुकलुक जाणवते.

आता हा अंदाज मोजून पडताळायचा. त्यासाठी 74HC595 ची अंतर्गत रचना फार उपयोगी पडते. या आयसीत दोन वेगवेगळी रजिस्टरे आहेत. पिन ११ वरच्या क्लॉकने बिट सरकतात ते शिफ्ट रजिस्टर, आणि पिन १२ वर लॅचची चढती कड आली की त्या बिटांची प्रत ज्यात उतरते ते स्टोरेज रजिस्टर. दिवे या दुसऱ्या रजिस्टरला जोडलेले असतात. म्हणजे सगळे दिवे पेटवून एकदा लॅच केले, की लॅचला हात न लावता शिफ्ट रजिस्टरमधून हवे तेवढे बिट सरकवता येतात आणि दिवे तसेच पेटलेले राहतात. पूर्ण भार चालू असताना क्लॉकची तपासणी करण्याची सोय यामुळे आयतीच मिळते.

शेवटच्या आयसीची पिन ९, म्हणजे एरवी पुढच्या आयसीच्या पिन १४ ला जोडली जाणारी सिरियल आउटपुट, मोकळीच असते. ती मायक्रोकंट्रोलरच्या एका चौथ्या पिनेवर परत आणावी. मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टचा आणि साखळी ५ व्होल्टची असेल तर ही तार थेट जोडू नये. पिन ९ पासून १० किलोओहम आणि तिथून ग्राउंडला २० किलोओहम लावून मधल्या बिंदूवरून सिग्नल घ्यावा, म्हणजे ५ व्होल्टचे सुमारे ३.३ व्होल्ट होतात. त्यानंतर साखळी पूर्ण शून्यांनी भरायची, एकच १ आत ढकलायचा आणि तो दुसऱ्या टोकाला दिसेपर्यंत किती क्लॉक लागले ते मोजायचे.

```
void pulse() {
  digitalWrite(PIN_CLK, HIGH);
  delayMicroseconds(2);
  digitalWrite(PIN_CLK, LOW);
  delayMicroseconds(2);
}

uint16_t countChain() {
  digitalWrite(PIN_DATA, LOW);
  for (uint16_t i = 0; i < 200; i++) pulse();
  digitalWrite(PIN_DATA, HIGH);
  pulse();
  digitalWrite(PIN_DATA, LOW);
  uint16_t n = 1;
  while (!digitalRead(PIN_BACK) && n < 200) {
    pulse();
    n++;
  }
  return n;
}
```

आठ आयसींच्या निरोगी साखळीत उत्तर ६४ येते, आणि प्रत्येक वेळी ६४ च आले पाहिजे. ६३ आले तर वाटेत एखाद्या आयसीने एक क्लॉक जास्तीचा मोजला. ६५ आले तर एखाद्याने एक गमावला. २०० आले तर तो बिट टोकाला पोहोचलाच नाही. २०० कायमच येत असेल तर आधी जोडणी पाहावी, आणि त्यातही पिन ९ ऐवजी चुकून पिन ७ वरून साखळी पुढे नेलेली नाही ना हे पाहावे. पिन ७ ही आठव्या दिव्याची आउटपुट असून ती फक्त लॅचच्या वेळी बदलते, त्यामुळे ती पुढच्या आयसीला जोडली की पहिले आठ दिवे व्यवस्थित चालतात आणि पुढचे मनमानी करतात. ही चूक फार सहज होते, कारण दोन्ही पिनांची नावे जवळजवळ सारखी असतात.

हे मोजमाप एकदा करून भागत नाही. बिघाड अधूनमधून होणारा असल्यामुळे ते काही हजार वेळा करून सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे उत्तर तेवढे छापावे. शिवाय ते दोनदा करावे: एकदा सगळे दिवे विझवून, आणि एकदा सगळे पेटवून लॅच केल्यावर. विझलेल्या अवस्थेतही ६४ सोडून दुसरे काही येत असेल तर दिव्यांच्या भाराचा प्रश्न नाही आणि क्लॉक लाइनच मुळात कच्ची आहे. विझलेल्या अवस्थेत नेहमी ६४ आणि पेटलेल्या अवस्थेत कधीकधी ६३, असे आले तर वीजपुरवठा आणि क्लॉक यांच्यातले नाते बिघडले आहे.

एक मांडणी तपशिलाने पाहू. मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टचा, साखळी ५ व्होल्टवर, आठ आयसी दोन ब्रेडबोर्डांवर चार-चार, चौसष्ट लाल एलईडी आणि प्रत्येकाला २२० ओहमचा रेझिस्टर. दिवे विझलेले असताना मोजणी ६४. सगळे पेटवल्यावर बहुतेक वेळा ६४, मधूनच ६३. आता परतीची तार आठव्या आयसीच्या पिन ९ वरून काढून चौथ्याच्या पिन ९ वर लावायची. चौथ्यापाशी अपेक्षित उत्तर ३२, आणि ते पेटलेल्या दिव्यांतही कायम ३२ येते. पाचव्यापाशी ४० यायला हवे, तिथे मात्र मधूनच ३९ येते. म्हणजे जास्तीचा क्लॉक पाचव्या आयसीने मोजला. पहिला ब्रेडबोर्ड संपून दुसरा सुरू होतो ती नेमकी हीच जागा आहे. परतीची तार लावली तेव्हा चौथा आयसी पाचव्यालाही जोडलेलाच ठेवावा, म्हणजे मोजणीच्या वेळी मूळ मांडणी बदलत नाही.

जागा कळली की मल्टीमीटर घ्यावा. सगळे दिवे पेटलेले ठेवून, मीटर डीसी व्होल्टवर लावून, काळी टोचणी मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंडला आणि लाल टोचणी पाचव्या आयसीच्या थेट पिन ८ ला लावावी. ब्रेडबोर्डच्या पट्टीला नव्हे, आयसीच्या पायालाच, कारण पट्टी आणि पाय यांच्यातला सैल संपर्कही आपल्याला पकडायचा आहे. आदर्श मांडणीत हा आकडा काही मिलिव्होल्ट असतो. दोन बोर्डांना जोडणारी ग्राउंडची एकच बारीक जंपर तार असेल तर तो ०.३ ते ०.४ व्होल्टपर्यंत चढलेला सापडू शकतो.

याचे परिणाम समजण्यासाठी आयसीच्या जागी उभे राहून पाहावे लागते. आयसी क्लॉकचे व्होल्टेज स्वतःच्या पिन ८ पासून मोजतो, मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंडपासून नाही. त्याचे स्वतःचे ग्राउंड ०.४ व्होल्टने वर गेले, की मायक्रोकंट्रोलरने दिलेले ३.३ व्होल्ट त्याला २.९ व्होल्ट दिसतात. 74HC595 चा निर्माता ४.५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ३.१५ व्होल्टच्या वरच्या पातळीलाच खात्रीने एक समजतो, आणि ५ व्होल्टवर हाच आकडा सुमारे ३.५ होतो. म्हणजे ही मांडणी दिवे विझलेले असतानाही हमीच्या बाहेरच होती. प्रत्यक्षात आयसीचा निर्णय पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास होतो, म्हणून ती एरवी चालत होती इतकेच. दिवे पेटल्यावर हाताशी उरलेली फट आणखी अरुंद झाली. आता क्लॉकची कड वर चढल्यावर तारेत जी किंचित लहर उठते, तिचा खळगा त्या निर्णयाच्या रेषेखाली जाऊन परत वर येतो, आणि आयसीला एकाऐवजी दोन चढत्या कडा दिसतात. ६३ ची मोजणी ही अशी जन्माला येते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, जिच्यावर बराच वेळ वाया गेलेला दिसतो. क्लॉकचा वेग कमी केल्याने हा बिघाड जात नाही. वेग म्हणजे दोन कडांमधले अंतर, तर ही चूक एका कडेच्या आतली, काही नॅनोसेकंदांतली आहे. सेकंदाला दहा लाख क्लॉक दिले काय आणि हजार दिले काय, मायक्रोकंट्रोलरची पिन तेवढ्याच झटक्याने वर चढते. वर दिलेल्या मोजणीत प्रत्येक क्लॉकला चार मायक्रोसेकंद दिले आहेत, म्हणजे वेग आधीच कमी आहे. तरीही ६३ येत असेल तर वेगाला दोष देण्याचे कारण उरत नाही. उलट वेग कमी केल्यावर चूक खरोखरच थांबली, तर कारण वेगळे आहे असे समजावे: सिग्नल वर चढायलाच फार वेळ घेतो आहे.

दुरुस्तीची सुरुवात भारापासून करावी, कारण तो मुळात मर्यादेबाहेर असेल तर बाकीचे उपाय तात्पुरतेच ठरतात. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट जातात, उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमवर पडले तर प्रत्येक दिव्याला साधारण १३ मिलिअँपिअर हिशेबाने येतात. आठ दिव्यांचे शंभरावर होतात. आयसीच्या आउटपुटवरही थोडे व्होल्टेज पडत असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरतो, पण 74HC595 च्या पुरवठ्याच्या पिनेतून वाहू शकणाऱ्या करंटची कमाल मर्यादा ७० मिलिअँपिअर आहे आणि ती इथे ओलांडलेलीच आहे. एका आउटपुटची कमाल मर्यादा ३५ मिलिअँपिअर आहे हे वाचून प्रत्येक दिवा सुरक्षित आहे असे वाटते, परंतु आठांची बेरीज एकाच पिनेतून जाते हे तिथे निसटते. रेझिस्टर ४७० ओहमचे केले की दिव्याला साधारण ६.४ मिलिअँपिअर आणि आयसीला ५१ मिलिअँपिअर पडतात, आणि आजच्या लाल एलईडीला घरात पाहण्यासाठी एवढा करंट पुरेसा आहे. त्याहून अधिक उजेड हवाच असेल तर 74HC595 कडून तो मागू नये. TPIC6B595 हा आयसी त्यासाठी योग्य आहे, मात्र तो फक्त ग्राउंडकडे ओढू शकतो आणि त्याच्या पिनांची मांडणीही वेगळी आहे, त्यामुळे दिव्यांची जोडणी उलटवावी लागते.

भार मर्यादेत आला तरी चौसष्ट दिव्यांचे मिळून सुमारे ४०० मिलिअँपिअर कुठूनतरी येऊन कुठेतरी परत जायचे असतात. ही वाट मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावरून जाऊ देऊ नये. पाच व्होल्टच्या पुरवठ्यापासून प्रत्येक ब्रेडबोर्डला पाच व्होल्टची आणि ग्राउंडची स्वतंत्र जाड तार न्यावी, आणि मायक्रोकंट्रोलरचे ग्राउंड त्याच सामाईक बिंदूला जोडावे. पहिल्या बोर्डवरून दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला अशी पुरवठ्याची साखळी केली, की पहिल्या जोडावरून सगळ्यांचा करंट जातो. प्रत्येक आयसीच्या पिन १६ आणि पिन ८ यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर शक्य तितक्या आखूड पायांनी लावावा, आणि प्रत्येक बोर्डवर पुरवठा येतो तिथे काही शे मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावावा. मग पुन्हा मल्टीमीटर पाचव्याच्या पिन ८ वर ठेवून पाहावे. आकडा काही दहा मिलिव्होल्टच्या आत आला की हे काम झाले.

एवढ्यानंतर मोजणीत ६३ क्वचितच दिसते, पण पूर्ण नाहीसे होईलच असे नाही, कारण ३.३ व्होल्टचा मूळ तुटवडा अजून तसाच आहे. इथे पहिल्या आयसीजवळ ५ व्होल्टवर चालणारा 74HCT125 बसवावा. हा बफर २ व्होल्टच्या वरच्या पातळीला एक मानतो आणि पुढे पूर्ण ५ व्होल्टची पातळी देतो. त्याचे तीन भाग डेटा, क्लॉक आणि लॅचसाठी वापरावेत आणि चौथ्याची इनपुट ग्राउंडला बांधावी, मोकळी सोडू नये. या ठिकाणी बरेचदा मॉसफेट आणि १० किलोओहमच्या पुल-अपचे लेव्हल शिफ्टर मॉड्यूल वापरले जाते. आयटूसीसारख्या संथ लाइनसाठी ते ठीक आहे, पण क्लॉकसाठी ते घातक ठरते. त्याची ५ व्होल्टची बाजू शेवटच्या टप्प्यात केवळ त्या रेझिस्टरमधून वर चढते. आठ आयसींच्या इनपुट आणि तारा मिळून १०० पिकोफॅरड धरले, तरी १० किलोओहमबरोबर तो काळ एक मायक्रोसेकंदाच्या घरात जातो, आणि 74HC595 ला ४.५ व्होल्टवर क्लॉकची कड अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत हवी असते. संथ कड निर्णयाच्या रेषेजवळ रेंगाळते, आणि तेवढ्या वेळात किंचित आवाजही तिला दोनदा रेषा ओलांडायला लावतो.

याच कारणासाठी क्लॉक किंवा लॅच लाइनवर ग्राउंडकडे कॅपॅसिटर लावण्याचा प्रचलित उपाय करू नये. काही जुन्या आकृत्यांत तो लॅचवर काढलेला सापडतो, आणि लावल्यावर लुकलुक थोडी कमी झाल्यासारखी वाटते. पण तो कडा बोथट करतो आणि मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला प्रत्येक बदलाच्या वेळी कॅपॅसिटर भरण्या-रिकामा करण्याचा झटका देतो. लहर शमवायची असेल तर बफरच्या आउटपुटला लागून, क्लॉकच्या तारेत सलग, ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर लावावा. बफरची कड मायक्रोकंट्रोलरपेक्षाही तीक्ष्ण असू शकते, म्हणून बफर बसवल्यावर तर हा रेझिस्टर विसरू नये. क्लॉकची तार दुसऱ्या बोर्डकडे जाते तिथे तिच्या अंगालगत ग्राउंडची तार न्यावी, शक्य तर दोन्हींना पीळ द्यावा. क्लॉक आणि डेटा मात्र एकमेकांत पिळू नयेत.

वरच्या मांडणीत हे तीनही बदल झाल्यावर पेटलेल्या दिव्यांतली मोजणी हजारो वेळा ६४ वर स्थिर राहिली पाहिजे. एखादा बदल केल्यावर लगेच पुन्हा मोजावे आणि मगच पुढचा करावा, कारण तिन्ही एकदम केले तर कोणत्या बदलाने काय झाले ते कळत नाही आणि पुढची साखळी बांधताना तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

ही मोजणी क्लॉक आणि डेटाबद्दल सांगते, लॅचबद्दल काहीच सांगत नाही. लॅचची परीक्षा वेगळी करावी लागते, आणि ती सोपी आहे. ओळखू येईल असा नमुना, उदाहरणार्थ एकाआड एक आयसी पूर्ण पेटलेला, एकदा लॅच करावा. मग लॅच लाइन स्थिर ठेवून शिफ्ट रजिस्टरमधून सतत शून्य आणि एक बदलते बिट एखादा मिनिट सरकवत राहावे. दिव्यांत काहीही बदलता कामा नये. एखाद्या आयसीचे दिवे बदलले, तर क्लॉकचा धक्का शेजारून जाणाऱ्या लॅचच्या तारेत उतरतो आहे. अशा वेळी लॅचची तार क्लॉकपासून दूर न्यावी किंवा दोघींच्या मध्ये ग्राउंडची तार घालावी, आणि बफरनंतर तिच्यातही तोच ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर द्यावा. पिन १० ही क्लिअरची पिन प्रत्येक आयसीवर ५ व्होल्टला बांधलेली आहे याचीही याच वेळी खात्री करून घ्यावी. ती एखाद्या आयसीवर मोकळी राहिली असेल तर त्या आयसीचे शिफ्ट रजिस्टर कोणत्याही क्षणी रिकामे होऊ शकते, आणि मोजणीत ते ६३ किंवा ६५ असे नव्हे, तर अधूनमधून येणाऱ्या २०० च्या रूपाने दिसते.